नोटिशीचा फोटो आणि भाडेकरूचा खुलासा

रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो येतो. सूचनाफलकावर टाचलेला कागद, वर सोसायटीचं नाव, खाली सचिवांची सही, आणि मधे चार ओळी : सदनिका क्रमांक ३०४ मध्ये समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय अंतर्गत भिंती तोडून नूतनीकरण सुरू आहे, काम तात्काळ थांबवावं, सात दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा पुढील कारवाई. फोटोखाली शेजाऱ्यांच्या प्रतिक्रिया सुरू होतात. ३०४ मध्ये राहणारी बाई भाड्यानं राहते. घराचे मालक नाशिकला आहेत.

अशा वेळी भाडेकरूची पहिली ऊर्मी असते ती तिथेच, ग्रुपवर, उत्तर देण्याची. ‘आम्ही काहीही तोडलेलं नाही’, किंवा ‘सॉरी, चूक झाली, पुन्हा होणार नाही’. ही दोन्ही उत्तरं पुढे त्रास देतात. पहिलं सहसा पूर्ण खरं नसतं आणि दुसऱ्यानं न केलेल्या गोष्टीही कबूल केल्यासारख्या होतात. खुलासा म्हणजे नोंद असते : काय काम झालं, कुणाच्या सांगण्यावरून झालं, काय झालं नाही आणि आता काय उरलं आहे. ही नोंद नीट करता यावी, म्हणून मुंबईच्या उपनगरातल्या सोसायट्यांमध्ये नेहमी घडतं तसं एक प्रातिनिधिक प्रकरण इथे टप्प्याटप्प्यानं पाहू.

सुरुवात फोटोपासूनच. नोटीस फोटोतून मिळाली असेल तर तो आधी जसाच्या तसा जपून ठेवावा आणि कोणत्या दिवशी, किती वाजता, कुणाच्या क्रमांकावरून आला ते दिसेल असा स्क्रीनशॉट काढावा. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोतून तो मूळ कधी काढला याची अंतर्गत माहिती गळून जाते. त्यामुळे मिळाल्याची तारीख सिद्ध करायला ग्रुपवरचा संदेशच कामी येतो. त्यानंतर सूचनाफलकाजवळ जाऊन मूळ कागद पाहावा. फोटोत कडा कापल्या गेलेल्या असतात, आणि जावक क्रमांक, दिनांक, समितीच्या ठरावाचा उल्लेख नेमका त्या कडांवर असतो. या प्रकरणात कागदावर ३ जुलै ही तारीख आहे आणि फोटो ६ जुलैला आला. सात दिवस कुठून मोजायचे? खुलाशात ‘सदर नोटीस मला दि. ६ जुलै रोजी फोटोद्वारे मिळाली’ असं लिहावं, पण उत्तर मात्र १० जुलैच्या आत द्यावं. तारखेवरून वाद घालण्यापेक्षा दोन्ही हिशोबांनी वेळेत असणं सोयीचं. नोटिशीवर जावक क्रमांक नसला किंवा शिक्का पुसट असला, तर त्याची नोंद एका वाक्यात करून सहीशिक्क्याची प्रत मागावी. तेवढ्यावरून नोटीस फेटाळू पाहणारा खुलासा समितीला मूळ प्रश्न टाळल्यासारखा वाटतो.

दुसरा प्रश्न : नोटीस आहे कुणाला? सहकारी गृहनिर्माण संस्थेचं नातं असतं ते सभासदाशी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० आणि संस्थेचे नोंदणीकृत उपविधी सभासदाला बांधून ठेवतात. लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत परवानाधारक असतो. काही संस्था त्याला नाममात्र सभासद करून घेतात, तरी फ्लॅटमधल्या बदलांसाठी परवानगी मागण्याची जबाबदारी मालकाची, कारण सभासद तो आहे. म्हणून भाडेकरूनं एकट्यानं उत्तर देऊन विषय संपवायचा प्रयत्न करू नये. सर्वांत सुरक्षित रचना अशी, की मालकानं समितीला स्वतःच्या सहीचं पत्र द्यावं आणि भाडेकरूनं आपला खुलासा स्वतंत्रपणे देऊन त्याची प्रत मालकाला द्यावी. दोन पत्रांत विसंगती असू नये, म्हणून दोघांनी आधी फोनवर नव्हे तर लेखी संदेशांतून तपशील जुळवून घ्यावेत. मालक मुंबईबाहेर किंवा परदेशात असेल तर ई-मेलनं आलेलं दोन ओळींचं अधिकारपत्रसुद्धा खुलाशाला जोडता येतं.

समितीच्या काळजीला आधार आहे, हेही भाडेकरूनं मनाशी धरायला हवं. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमधली साईदर्शन ही इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात इमारतीच्या खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. तेव्हापासून फ्लॅटमधून ब्रेकरचा आवाज आला की समितीवरची माणसं धास्तावतात. ‘भिंत तोडली’ हा शब्द नोटिशीत येतो तो बहुधा आवाज ऐकून आणि जिन्यात डेब्रिजच्या गोण्या पाहून. आत जाऊन कुणी पाहिलेलं नसतं. म्हणूनच खुलाशाचा गाभा असतो तो आत नेमकं काय झालं हे दाखवण्याचा.

आता ३०४ मध्ये काय झालं ते पाहू. जूनच्या शेवटी खालच्या २०४ च्या बाथरूमचं छत ओलं झालं. तिथल्या रहिवाशांनी तसा संदेश पाठवला. प्लंबरनं तपासल्यावर भिंतीत दडवलेला जुना जीआय पाइप गंजलेला आणि न्हाणी ट्रॅपभोवतीचं वॉटरप्रूफिंग सुटलेलं आढळलं. मालकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं : ‘करून घ्या, बिल पाठवा.’ १ जुलैला काम सुरू झालं. लाद्या काढल्या, खालचा कोबा उकरला, भिंतीत पाइपपुरती झिरी पाडून सीपीव्हीसीचा नवा पाइप बसवला, वॉटरप्रूफिंग केलं आणि एक दिवसरात्र पाणी तुंबवून चाचणी घेतली. फोटो आला त्या संध्याकाळी फक्त लाद्या बसवायच्या राहिल्या होत्या. याच आठवड्यात भाडेकरूनं स्वतःच्या खर्चानं बेडरूममध्ये एसी बसवला आणि त्याच्या नळीसाठी तंत्रज्ञानं बाहेरच्या भिंतीला भोक पाडलं. डेब्रिजच्या दहा-बारा गोण्या दोन दिवस जिन्यात पडून होत्या.

म्हणजे नोटिशीतल्या एका वाक्यात चार वेगळे आरोप आहेत : परवानगी नव्हती, भिंती तोडल्या, नूतनीकरण केलं, आणि ते अजून चालू आहे. चारही आरोपांना एकच उत्तर देता येत नाही.

‘परवानगी’ या शब्दातच तीन वेगळी दारं आहेत. पहिली मालकाची संमती. बहुतेक करारांत भाडेकरूनं कायमस्वरूपी बदल करू नयेत असं कलम असतं, पण इथे दुरुस्ती मालकाच्या सांगण्यावरून झाली आणि त्याचा संदेश हाताशी आहे. दुसरी सोसायटीची. आदर्श उपविधींमध्ये स्पष्ट तरतूद आहे, की सभासदानं समितीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय फ्लॅटमध्ये वाढीव बांधकाम किंवा फेरबदल करू नयेत. या उपविधीचा क्रमांक संस्थेनं कोणती आवृत्ती स्वीकारली त्यावर बदलतो, म्हणून खुलाशात क्रमांक लिहायचा तर आपल्या सोसायटीच्या नोंदणीकृत प्रतीतूनच घ्यावा. गळती दुरुस्त करणं हा ‘फेरबदल’ नाही असं म्हणायला जागा आहे, पण वॉटरप्रूफिंग फोडण्याचा परिणाम खालच्या घरावर होतो आणि अनेक सोसायट्यांनी अशा कामासाठी अर्ज, अनामत रक्कम आणि कामाच्या वेळा ठरवून दिलेल्या असतात. तो अर्ज इथे झालेला नव्हता. तेवढं मान्य करणं प्रामाणिकपणाचं आहे आणि शहाणपणाचंही.

तिसरं दार महापालिकेचं. इथे भाडेकरूच्या बाजूनं बऱ्यापैकी स्पष्टता आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३४२ मध्ये राहत्या घराच्या किरकोळ दुरुस्तीला सूट आहे आणि ती दुरुस्ती म्हणजे काय तेही दिलं आहे : गिलावा, रंगकाम, लाद्या बदलणं, संडास-बाथरूमची दुरुस्ती, सांडपाण्याचे पाइप, नळ, विजेची आणि पाण्याची फिटिंग दुरुस्त करणं किंवा बदलणं. उलट बाजूही तिथेच आहे. इमारतीची आडवी-उभी मापं बदलणं, भारवाही भिंत किंवा संरचनेचा भाग काढणं, पोटमाळा वाढवणं ही कामं किरकोळ दुरुस्तीत बसत नाहीत. राज्याच्या इतर शहरांत महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चं कलम ४३ पाहावं लागतं. त्यात इमारतीच्या फक्त आतल्या भागापुरत्या किंवा बाहेरच्या रूपात मोठा फरक न करणाऱ्या दुरुस्त्या विकास परवानगीतून वगळल्या आहेत, वारसा इमारती सोडून. या हिशोबानं ३०४ च्या बाथरूमला पालिकेची परवानगी लागत नाही. तरीही सोसायटीची परवानगी नको असं त्यातून ठरत नाही. खुलाशात ही दोन दारं एकत्र केली, की ‘पालिकेची परवानगी लागत नाही, म्हणून तुम्ही विचारणारे कोण?’ असा सूर लागतो आणि समिती अडून बसते.

भिंतीचा आरोप पुराव्यानं खोडता येतो. जुन्या आरसीसी चौकटीच्या इमारतींत आतल्या भिंती बहुधा साडेचार इंची विटांच्या असतात. त्या खोल्या वेगळ्या करतात, मजल्यांचा भार कॉलम आणि बीम घेतात. अशा भिंतीत पाइपसाठी झिरी पाडली तर आत लाल वीट दिसते. नव्या टॉवरमध्ये परिस्थिती वेगळी असते. अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून, लोक ज्याला ‘मायव्हन’ म्हणतात त्या पद्धतीनं बांधलेल्या इमारतीत आतल्या बऱ्याच भिंती काँक्रीटच्या असतात आणि त्यांच्यात सळया असतात. तिथे पाइपसाठी पाडलेली झिरीसुद्धा संरचनेला धक्का ठरू शकते, म्हणून अशा इमारतीतल्या भाडेकरूनं ‘फक्त झिरी पाडली’ हे वाक्य हलकेपणानं लिहू नये. ३०४ ची इमारत जुनी आहे. प्लंबरनं काम चालू असताना काढलेल्या फोटोंत झिरीत विटा दिसतात, कुठेही सळई उघडी पडलेली नाही, आणि भिंत पूर्ण उंचीनं उभी आहे. हे फोटो खुलाशाला जोडले, की ‘भिंती तोडल्या’ या शब्दाला समोरासमोर उत्तर मिळतं.

एसीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. ते काम गळतीच्या दुरुस्तीत येत नाही, मालकानं सांगितलेलं नाही, आणि भोक बाहेरच्या भिंतीला आहे. बाहेरची भिंत इमारतीची, म्हणजे सगळ्यांची. पावसाळ्यात अशा भोकातून पाणी झिरपतं आणि शेजारच्या भिंतीवर ओल येते. नोटिशीत याचा उल्लेख नाही, पण तपासणीला आलेल्या माणसांना ते दिसेलच. म्हणून खुलाशात स्वतःहून लिहिलेलं बरं.

या सगळ्यातून खुलाशाचा मसुदा तयार होतो. तो एका पानाचा पुरतो. वर ‘प्रति, मा. सचिव’ आणि संस्थेचं नाव, खाली विषय, संदर्भात नोटिशीची तारीख. मग मजकूर असा लिहिता येतो :

‘आपली दि. ३ जुलै रोजीची नोटीस मला दि. ६ जुलै रोजी संस्थेच्या ग्रुपवर फोटोद्वारे मिळाली. तिची स्वाक्षरी व शिक्का असलेली प्रत द्यावी, ही विनंती. मी सदनिका क्र. ३०४ मध्ये नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारान्वये राहते. हा खुलासा मी माझ्या माहितीपुरता देत असून सदनिकेचे मालक आपणास स्वतंत्र पत्र देत आहेत.’

‘सदनिका क्र. २०४ च्या छतातून गळती होत असल्याने मालकांच्या सूचनेनुसार दि. १ जुलैपासून बाथरूममध्ये लाद्या काढणे, गंजलेला पाइप बदलणे, वॉटरप्रूफिंग व पाणी तुंबवून चाचणी ही कामे करण्यात आली. कोणतीही भिंत, कॉलम वा बीम तोडलेला नाही. पाइपसाठी एका विटांच्या भिंतीत झिरी पाडली असून तिची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. या कामासाठी समितीकडे आगाऊ अर्ज करण्यात आला नव्हता, हे मान्य आहे.’

‘याखेरीज बेडरूममध्ये एसी बसवताना बाहेरील भिंतीस नळीपुरते भोक पाडण्यात आले आहे. ते सिलिकॉन सीलंटने बंद केले असून समितीच्या सूचनेनुसार आवश्यक ती दुरुस्ती माझ्या खर्चाने करण्यास मी तयार आहे. जिन्यातील डेब्रिज दि. ७ जुलै रोजी हलविण्यात आले आहे.’

‘नोटीस मिळताच काम थांबविले आहे. आता फक्त लाद्या बसविणे बाकी आहे. उघड्या वॉटरप्रूफिंगवर वावर झाल्यास पुन्हा गळती होण्याची शक्यता असल्याने समितीने आधी कळवून सदनिकेची पाहणी करावी व उरलेले काम पूर्ण करण्यास लेखी परवानगी द्यावी. या खुलाशामुळे माझे वा मालकांचे कोणतेही कायदेशीर हक्क बाधित होत नाहीत.’

यातलं शेवटचं वाक्य अनेकांना उगाच कडक वाटतं, पण ते ठेवावं. कबुलीच्या वाक्यांचा अर्थ आणखी ताणला जाऊ नये, एवढंच काम ते करतं. मसुद्यात काय नाही तेही पाहण्यासारखं आहे. ‘पाचव्या मजल्यावरच्यांनी तर पूर्ण किचन बदललं’ असं त्यात नाही, कारण दुसऱ्यानं परवानगी घेतली नसल्यानं आपल्याला ती मिळत नाही. ‘मालकांनी परवानगी घेतली असेल’ असा अंदाज नाही. आणि ग्रुपवर झालेल्या बदनामीबद्दल तक्रार नाही. ती करायचीच असेल तर वेगळ्या पत्रात करावी, म्हणजे खुलाशातला मुद्दा बाजूला पडत नाही.

सोबत जोडायची कागदपत्रं थोडी पण नेमकी हवीत : मालकाचा संदेश, २०४ मधून आलेली गळतीची तक्रार, प्लंबरचं बिल, काम चालू असतानाचे फोटो आणि कराराचं पहिलं व सहीचं पान. प्रिंटबरोबर मूळ संदेश आणि फोटो फोनमध्ये तसेच ठेवावेत. प्रकरण सहकार न्यायालयापर्यंत गेलं, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र द्यावं लागू शकतं, आणि मूळ फाइल हाताशी असली की ते सोपं जातं.

खुलासा संस्थेच्या कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर तारीख-वेळेसह पोच घ्यावी. कार्यालय बंद असेल किंवा पोच द्यायला नकार आला, तर स्पीड पोस्टनं पाठवून पावती जपावी आणि तोच मजकूर संस्थेच्या ई-मेलवर पाठवावा. ग्रुपवर एवढंच टाकावं : ‘नोटिशीला लेखी खुलासा आज सचिवांकडे दिला आहे.’

त्यानंतर चेंडू समितीकडे जातो. सामान्यतः सचिव आणि एक समिती सदस्य फ्लॅट पाहायला येतात. पाहणीच्या वेळी प्लंबरला बोलावून ठेवावं आणि त्या दिवशीचेही फोटो काढावेत. समितीला शंका राहिली तर ती स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अभिप्राय मागू शकते. विटांच्या भिंतीतल्या झिरीसाठी तशी वेळ सहसा येत नाही, कॉलमजवळचं काम असेल तर येते. दंडाचा विषय निघाला तर लक्षात घ्यावं, की आदर्श उपविधींनुसार उपविधीभंगाचा दंड ठरवणं सर्वसाधारण सभेच्या हातात असतं. त्याआधी सभासदाला कारणे दाखवा नोटीस देऊन म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. ग्रुपवरच्या फोटोखाली ‘दंड लावा’ असं दहा जणांनी लिहिलं, म्हणून दंड लागत नाही. तो लागलाच तर आकारला जातो सभासदावर, म्हणजे मालकावर. मालक तो भाडेकरूच्या अनामत रकमेतून वळता करू पाहू शकतो, आणि अशा वेळी कोणतं काम कुणाच्या सांगण्यावरून झालं हे वेगवेगळं लिहिलेला खुलासा भाडेकरूच्या कामी येतो. बाथरूमचा खर्च आणि जबाबदारी मालकाची, एसीच्या भोकाची भाडेकरूची, अशी वाटणी त्यात आधीच नोंदलेली असते.

पाहणीनंतर समितीनं काम पुरं करायला होकार दिला, तर तो तोंडी घेऊन लाद्या बसवायला सुरुवात करू नये. सचिवांच्या सहीची दोन ओळींची चिठ्ठी किंवा संस्थेच्या ई-मेलवरून आलेलं उत्तर मागावं आणि त्याची प्रत मालकाला पाठवावी. लाद्या बसल्यावर ‘काम अमुक तारखेला पूर्ण झाले, २०४ मधील गळती थांबली आहे’ असं शेवटचं पत्र द्यावं आणि शक्य झाल्यास त्यावर २०४ मधल्या रहिवाशांचीही सही घ्यावी. हे पत्र, समितीचा होकार आणि खुलाशाची पोच लिव्ह अँड लायसन्सच्या कागदांबरोबर एकाच फाइलमध्ये ठेवावी. करार संपून घराची किल्ली परत देताना अनामत रकमेचा हिशोब होतो, तेव्हा ही फाइल सोबत न्यावी.